‘वाट पाहतो’ म्हणजे नेमके काय? शुभेच्छांच्या इंग्रजी निरोपातील होप, विश, एक्स्पेक्ट आणि वेट

मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शेजारच्या वहिनी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना राहण्यासाठी देतात. एका वर्षी एप्रिलमध्ये त्यांना एका जुन्या पाहुण्यांचा निरोप आला, ‘वुई विश वुई कुड कम इन मे.’ वहिनींनी त्याचा अर्थ लावला की मे महिन्यात येण्याची त्यांची इच्छा आहे, आणि मोठ्या विश्वासाने त्यांनी एक खोली चार दिवस राखून ठेवली. मे महिना म्हणजे आंब्याचा आणि सुट्टीचा हंगाम. त्या चार दिवसांत दारात आलेली दोन कुटुंबे त्यांनी परत पाठवली. पाहुणे आले नाहीत. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेलो असल्यामुळे वहिनी तो फोन घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, बघा, इच्छा आहे म्हणून कळवले होते, आणि साधा नकारही दिला नाही.” निरोप वाचून मला सांगावे लागले की नकार त्याच एका वाक्यात स्पष्ट दिलेला होता. ‘मे महिन्यात येता आले असते तर किती बरे झाले असते’ असे पाहुण्यांनी लिहिले होते. त्यांना येण्याची उमेद असती, तर त्यांनी ‘वुई होप टु कम इन मे’ असे लिहिले असते.

तेव्हापासून त्यांचे इंग्रजी निरोप मी पाहून देतो, आणि माझ्या लक्षात आले आहे की अडचण जवळजवळ नेहमी याच चार क्रियापदांपाशी येते. होप आणि विश या दोहोंना आपण ‘इच्छा’ म्हणून मोकळे होतो, आणि एक्स्पेक्ट व वेट यांना ‘वाट पाहणे’ म्हणून. शब्दकोशातले अर्थ पाठ करून हा गोंधळ मिटत नाही, कारण शब्दकोशही इच्छा, आशा, अपेक्षा, प्रतीक्षा हे शब्द एकमेकांच्या शेजारी बसवतो. त्यापेक्षा आपले वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे आणि त्याच्या क्रियापदाचा शेवट कसा होतो ते ऐकावे, कारण इंग्रजीने जो भेद चार शब्दांत ठेवला आहे, त्यातला बराचसा मराठीने क्रियापदाच्या रूपात ठेवला आहे.

पहिली पायरी : क्रियापदाचा शेवट ऐका

निरोप लिहिण्यापूर्वी मनातले वाक्य मराठीत पूर्ण उच्चारावे. नुसते ‘शुभेच्छा’ म्हणून थांबू नये, कारण त्या शब्दात क्रियापदच नाही. शुभेच्छांच्या निरोपात साधारण तीन प्रकारचे शेवट ऐकू येतात.

पहिला शेवट ओकाराचा : ‘दिवाळी सुखाची जावो’, ‘प्रवास सुखरूप होवो’, ‘उदंड आयुष्य लाभो’. येथे आपण समोरच्याला काहीतरी देत आहोत, जणू ओंजळीत घालत आहोत. दुसरा शेवट भविष्याचा किंवा तर्काचा : ‘तुम्हाला घर आवडेल’, ‘तुम्ही सुखरूप पोहोचला असाल’. येथे पुढे काय होईल किंवा मागे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही, पण चांगलेच व्हावे अशी आपली आशा आहे. तिसरा शेवट ‘असता’, ‘असते’, ‘आले असते तर’ असा : ‘तुम्ही इथे असता तर मजा आली असती’. येथे गोष्ट तशी नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते आणि त्याची हळहळ आपण बोलून दाखवत असतो.

पहिल्या शेवटाला इंग्रजीत विश, पण त्याच्यापुढे नाम. दुसऱ्याला होप आणि त्याच्यापुढे पूर्ण वाक्य. तिसऱ्याला पुन्हा विश, पण त्याच्यापुढे भूतकाळातले वाक्य. म्हणजे विश दोन टोकांना उभा आहे आणि त्या दोन टोकांच्या मधली सगळी जागा होपची आहे. गोंधळाचे मूळ मला येथेच दिसते : ‘विश यू अ हॅपी दिवाळी’ हे आनंदाचे वाक्य आपण लहानपणापासून शुभेच्छापत्रांवर वाचलेले असते, त्यामुळे विश हा शब्द नेहमीच शुभ असतो अशी आपली समजूत होते आणि मग तो आपण कोठेही जोडतो.

तिसऱ्या शेवटाची चूक किती महागात पडू शकते याचे एक उदाहरण देतो. पाहुणे परतीच्या प्रवासाला निघाले, दुसऱ्या दिवशी त्यांची खुशाली विचारायची आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘सुखरूप पोहोचला असाल अशी आशा आहे.’ इंग्रजीत ते ‘आय होप यू रीच्ड सेफली’ असे होते. त्यात रीच्ड हा भूतकाळ आहे, तरीही शब्द होपच, कारण पोहोचले की नाही हे आपल्याला माहीत नाही. आता कोणी अधिक नम्र वाटावे म्हणून ‘आय विश यू हॅड रीच्ड सेफली’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ होतो, ‘तुम्ही सुखरूप पोहोचला असता तर बरे झाले असते’, म्हणजे वाटेत काहीतरी वाईट घडले आणि ते लिहिणाऱ्याला कळले आहे. म्हणून केवळ काळ पाहून निवड करू नये. स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट झाली की नाही, होणार की नाही, हे मला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर होप. तसे झालेले नाही किंवा होणार नाही हे ठाऊक असेल, तर भूतकाळासह विश.

दुसरी पायरी : विशच्या पुढे काय ठेवता ते तपासा

शुभेच्छा देणारा विश दोन गोष्टी मागतो : कोणाला आणि काय. ‘विश यू अ सेफ जर्नी’ या वाक्यात यू म्हणजे कोणाला आणि अ सेफ जर्नी म्हणजे काय. हे ‘काय’ नेहमी नाम असावे लागते. येथे वाक्य ठेवले की चूक झाली, आणि आपल्याकडच्या निरोपांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच आहे : ‘वुई विश यू विल एन्जॉय युवर स्टे.’ विल ऐकू आला की विश काढून होप घालावा. ‘वुई होप यू विल एन्जॉय युवर स्टे’, किंवा विल गाळून ‘वुई होप यू एन्जॉय युवर स्टे’ असेही चालते. होपनंतरचा साधा वर्तमानकाळ तेथे भविष्याचेच काम करतो.

याच्या उलट होपला माणूस आणि नाम अशी जोडी पेलत नाही. ‘होप यू अ हॅपी बर्थडे’ हे वाक्य उभेच राहू शकत नाही. होपने तेच म्हणायचे असेल तर मध्ये क्रियापद लागते : ‘होप यू हॅव अ हॅपी बर्थडे.’ म्हणजे ‘प्रवास सुखाचा होवो’ हे मराठी वाक्य इंग्रजीत दोन्ही मार्गांनी जाऊ शकते, ‘विश यू अ सेफ जर्नी’ आणि ‘होप यू हॅव अ सेफ जर्नी’. अर्थाने दोन्ही जवळजवळ सारखी आहेत; पहिले थोडे औपचारिक आहे, दुसरे घरगुती. फरक फक्त सांगाड्याचा आहे, आणि तो बिघडला की वाचणाऱ्याला लगेच खटकते.

विशच्या पुढे विशेषण ठेवण्याचीही एक खोड आहे. ‘विश यू हेल्दी अँड हॅपी’ असे लिहिले जाते, कारण मराठीत आपण ‘निरोगी आणि आनंदी राहा’ असे म्हणतो. पण देण्याजोगी वस्तू हे नाम असते, म्हणून ‘विश यू हेल्थ अँड हॅपिनेस’ असे लिहावे. राहिला अ हा छोटा शब्द. जर्नी, बर्थडे, दिवाळी, रिकव्हरी, मॅरिड लाइफ यांच्या विशेषणाआधी तो लागतो, ‘विश यू अ हॅपी मॅरिड लाइफ’. लक, सक्सेस, हेल्थ यांना तो लागत नाही, ‘विश यू गुड लक’. निरोपांत हा अ इतक्यांदा गळतो की आता तो गळलेलाही कोणाला दिसत नाही, पण अनोळखी पाहुण्यांना लिहिताना तो ठेवावा.

येथे एक विषयांतर करतो. ‘काल तू मला विश केले नाहीस’ असे आपली मुले सर्रास म्हणतात आणि भारतीय इंग्रजीतही ‘शी विश्ड मी’ हे वाक्य रुळले आहे. आपल्यात ते समजते. पण परदेशी पाहुण्याला ‘आय फरगॉट टु विश यू’ असे लिहिले तर तो पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने काय दिले ते सांगायचे राहून गेलेले असते.

दुरुस्ती करताना होणारी एक चूक मात्र सावकाश समजून घ्यावी. विशनंतर विल चालत नाही असे सांगितल्यावर वहिनींनी विलचे वुड केले : ‘वुई विश यू वुड रिप्लाय सून.’ व्याकरणाने हे वाक्य निर्दोष आहे, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. त्याचा सूर आहे, ‘जरा लवकर उत्तर द्याल तर बरे होईल’, म्हणजे आतापर्यंत तुम्ही देत नाही आहात ही तक्रार. ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’ हे वाक्य जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओले राहिल्यावर, आपण ज्या स्वरात म्हणू, तोच तो स्वर. पावसाविषयी तो चालतो, पाहुण्याविषयी चालत नाही.

तिसरी पायरी : एक्स्पेक्टचा हिशेब

एक्स्पेक्टचे भाषांतर ‘अपेक्षा’ असे केले जाते आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. मराठी अपेक्षेत मागणी आहे. ‘माझी तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असे म्हटले की समोरचा मान खाली घालतो. इंग्रजी एक्स्पेक्टमध्ये मात्र मुळात अंदाज आहे. हवामान खाते जेव्हा हेवी रेन इज एक्स्पेक्टेड असे म्हणते, तेव्हा कोणी पावसाकडून काही मागत नसते. मराठीत आपण तेथे ‘शक्यता आहे’ किंवा ‘अंदाज आहे’ असे म्हणतो. म्हणून एक्स्पेक्टसाठी मराठीत सर्वांत जवळचे शब्द ‘धरून चालणे’ हे आहेत. चांगले असो वा वाईट, ते होणार असे मी काही कारणाने धरून चाललो आहे. होप नेमका येथे वेगळा पडतो : होप नेहमी चांगल्या गोष्टीचाच धरतात, पण त्याला कारण असावे लागत नाही.

पाहुण्यांचा निरोप वाचताना हा भेद थेट चुलीपर्यंत पोहोचतो. कोकणकन्या सकाळी कुडाळला येते आणि तेथून मालवण सुमारे 30 किलोमीटर, म्हणजे रिक्षाने किंवा गाडीने पाऊण-एक तास. गाडीतून पाहुण्यांनी ‘वुई एक्स्पेक्ट टु रीच बाय हाफ पास्ट नाइन’ असे कळवले, तर त्यांनी गाडी कोठे आहे, किती उशीर आहे हे पाहून हिशेब केलेला आहे. घावणांचे पीठ भिजवलेले असेल तर साडेनऊच्या सुमारास तवा ठेवायला हरकत नाही. पण तोच निरोप ‘वुई होप टु रीच बाय हाफ पास्ट नाइन’ असा असेल, तर त्यांना स्वतःलाच खात्री नाही. गाडी कोठेतरी थांबली असेल किंवा रिक्षा मिळाली नसेल. अशा वेळी चहाचे आधण ठेवावे, घावण मात्र माणसे दारात आल्यावरच घालावेत, कारण थंड झालेला घावण कोणाच्याही शुभेच्छांनी पुन्हा मऊ होत नाही.

आपण लिहिताना मात्र एक्स्पेक्टच्या पुढे कोण आले ते पाहावे. पुढे वेळ, पाऊस, गर्दी अशी वस्तू असेल तर तो अंदाजच राहतो : ‘वुई एक्स्पेक्ट सम रेन ऑन सॅटर्डे.’ पुढे माणूस आणि त्याच्यानंतर टु आला की अंदाजाचा हुकूम होतो. ‘वुई एक्स्पेक्ट यू टु कम अगेन’ म्हणजे पुन्हा येणे हे तुमचे कर्तव्य आहे; ‘वुई एक्स्पेक्ट अ गुड रिव्ह्यू’ म्हणजे चांगला अभिप्राय हा आमचा हक्क आहे. मुख्याध्यापक मुलांना ‘आय एक्स्पेक्ट यू टु बी ऑन टाइम’ असे म्हणतात, तो हा सूर. पाहुण्याला येथे होप हवा : ‘वुई होप टु सी यू अगेन.’ आणि ‘वुई आर एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय’ हेही वसुलीच्या पत्रासारखे वाचले जाते.

याला एक चांगला अपवाद आहे. तारीख ठरलेली असेल, पैसे आलेले असतील, तर ‘वुई आर एक्स्पेक्टिंग यू ऑन द ट्वेल्फ्थ’ हे वाक्य अगदी योग्य आणि आपुलकीचे आहे. त्यात ‘तुम्ही 12 तारखेला येणार हे आम्ही धरून आहोत, खोली तयार आहे’ एवढेच आहे. फक्त यू किंवा दुसरे कोणतेही कर्म गाळू नये. एकदा वहिनींनी आपल्या सुनेच्या वतीने ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ एवढेच लिहून पाठवले होते; म्हणायचे होते की ती तुमची वाट पाहते आहे, आणि पलीकडून बाळासाठी अभिनंदन आले.

चौथी पायरी : वेटमध्ये घड्याळ चालू असते

मराठी ‘वाट पाहणे’ हा फार मोठा शब्दप्रयोग आहे. चाकरमान्यांना गणपतीआधी महिनाभर ‘आम्ही वाट बघतोय’ असे सांगतात तेव्हा त्यात ओढ असते. बसस्थानकावर वाट पाहतात तेव्हा त्यात वेळ जात असतो. आणि ‘उद्या पाहुण्यांची वाट पाहतोय’ म्हणतात तेव्हा त्यात फक्त येणार हे धरलेले असते. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द आहेत : ओढीसाठी लुक फॉरवर्ड टु, जाणाऱ्या वेळेसाठी वेट, आणि धरून चालण्यासाठी एक्स्पेक्ट.

गंमत अशी की मुळात हे सगळे शब्द पाहण्याचेच आहेत. वाट पाहणे तर उघडच आहे. अपेक्षा आणि प्रतीक्षा या दोन्ही शब्दांत संस्कृतचा ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, हा धातू आहे. इंग्रजी एक्स्पेक्ट ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ बाहेर नजर लावणे असा होता, आणि वेटचा जुना अर्थ पहारा करणे असा होता. स्पॅनिशमध्ये तर आशा धरणे, अपेक्षा करणे आणि वाट पाहणे या तिन्हींना आजही एकच क्रियापद, एस्पेरार, पुरते. तेव्हा हे शब्द एकमेकांत मिसळणारे आपणच एकटे नाही, आणि वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्यांना बरेच बरे वाटले.

वेट वापरायचा की नाही हे ठरवण्यासाठी घड्याळाकडे पाहावे. माझा वेळ या क्षणी त्या गोष्टीसाठी जात आहे का, मी दुसरे काही न करता थांबलो आहे का? कुडाळ स्थानकाबाहेर गाडी घेऊन उभे असाल तर ‘आय ॲम वेटिंग फॉर यू आउटसाइड द स्टेशन’ हेच बरोबर. पण पाहुणे यायला अजून तीन आठवडे असताना ‘वुई आर वेटिंग फॉर यू’ असे लिहिले तर ते चूक नसले, तरी त्यात एक हलकी टोचणी येते, जणू तुम्हाला उशीर झाला आहे. तेथे ‘वुई लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू’ असे लिहावे. त्यातल्या टुनंतर मीट नव्हे, मीटिंग येते. ‘लुक फॉरवर्ड टु मीट’ ही चूक मी शाळेत तीस वर्षे तांबड्या शाईने सुधारली आणि शेवटच्या वर्षीही ती तितकीच येत होती.

वेटला माणूस किंवा वस्तू जोडताना फॉर लागतो. ‘वेटिंग युवर रिप्लाय’ हे आपल्याकडे होते, कारण ‘उत्तराची वाट पाहतो’ यातला ‘ची’ आपण वेगळा मोजत नाही. ज्यांना फॉर नको असेल त्यांनी अवेट हा शब्द घ्यावा, त्याला फॉर चालत नाही. पण तो कार्यालयीन पत्राचा शब्द आहे.

एक निरोप, वाक्यावाक्याने

मागच्या दिवाळीत वहिनींकडे बेंगळुरूचे एक वयस्कर जोडपे येणार होते. 12 तारीख ठरली होती, आगाऊ पैसे आले होते, आणि काकांच्या गुडघ्याचे दुखणे नुकतेच उद्भवले होते असे त्यांनी कळवले होते. वहिनींनी लिहिलेला मूळ निरोप असा होता :

‘डिअर सर अँड मॅडम, वुई होप यू अ हॅपी दिवाळी. वुई विश सर विल गेट वेल सून. वुई आर एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय अबाउट फूड. वुई विश यू विल एन्जॉय अवर मालवणी फूड. वुई आर वेटिंग युवर अरायव्हल. वुई एक्स्पेक्ट यू टु कम एव्हरी इयर.’

मी त्यांना प्रत्येक वाक्य मराठीत म्हणायला लावले. पहिल्याला त्या म्हणाल्या, ‘दिवाळी आनंदाची जावो.’ ओकार आला, पुढे हॅपी दिवाळी हे नाम तयार आहे, म्हणून होप जाऊन विश आला. दुसऱ्याला त्या आधी ‘काका लवकर बरे होवोत’ असे म्हणाल्या. ओकार ऐकून त्यांनी विश ठेवला, पण पुढे विल गेट वेल हे वाक्य होते, नाम नव्हते. येथे दोन वाटा होत्या : नाम करून ‘वुई विश सर अ स्पीडी रिकव्हरी’, किंवा वाक्य ठेवून ‘वुई होप सर इज फीलिंग बेटर’. पहिली वाट मोठ्या आजारपणाची वाटते. गुडघेदुखीला दुसरी शोभते, म्हणून ती घेतली.

तिसऱ्या वाक्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मराठीत त्या म्हणाल्या, ‘जेवणाचे काय ते कळवा म्हणजे झाले.’ यात इच्छा नाही, आशा नाही, अपेक्षाही नाही. सरळ विनंती आहे. निरोपातली बरीच एक्स्पेक्टची वाक्ये अशीच विनंतीची वाक्ये असतात आणि त्यांना या चारांपैकी एकही क्रियापद लागत नाही. ‘प्लीज लेट अस नो बाय फ्रायडे इफ यू ईट फिश’ असे लिहिले, कारण मासे खातात की नाही हे बाजाराच्या आदल्या दिवशी कळले तरच उपयोग.

चौथ्याला ‘आवडेल अशी आशा’, म्हणजे होप. पाचव्याला त्या म्हणाल्या, ‘तुमची वाट बघतोय’, आणि मग स्वतःच हसून म्हणाल्या, “आत्ता दारात उभी नाही मी.” म्हणून वेटच्या जागी लुक फॉरवर्ड टु आले, आणि तारीख घातल्यामुळे बुकिंग पक्के असल्याचेही त्यातच सांगून झाले. सहावे वाक्य होप घालून दुरुस्त करता आले असते, पण जे पाहुणे अजून एकदाही आलेले नाहीत त्यांना दरवर्षी या म्हणणे घाईचे होते, म्हणून ते परतीच्या दिवसासाठी राखून ठेवले. शेवटी गेलेला निरोप असा :

‘डिअर सर अँड मॅडम, वुई विश यू अ हॅपी दिवाळी. वुई होप सर इज फीलिंग बेटर. प्लीज लेट अस नो बाय फ्रायडे इफ यू ईट फिश. वुई होप यू विल एन्जॉय अवर मालवणी फूड. वुई लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू ऑन द ट्वेल्फ्थ.’

संध्याकाळी उत्तर आले, ‘थँक यू! ही इज मच बेटर. वुई ईट ऑल काइंड्स ऑफ फिश. वुई कान्ट वेट!’ वहिनींचे यजमान ओटीवर बसून ते वाचत होते. शेवटच्या वाक्याशी येऊन ते थबकले आणि म्हणाले, “थांबूक जमणा नाय म्हणतत, म्हणजे आधीच येतले की काय?” कान्ट वेट म्हणजे भेटण्याची इतकी उत्सुकता आहे की दिवस जाता जात नाहीत, आणि येणार ते 12 तारखेलाच, असे मी त्यांना समजावले. त्यांचे पुरते समाधान झाले नाही. त्यांनी कोळ्याला फोन करून 11 तारखेचीही एक सुरमई सांगून ठेवली.